डिफर्ड टॅक्स हे खरंच देणं आहे, की नुसता कागदावरचा खेळ?

लेथवाला

आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, कोल्हापूरजवळ जॉबवर्क करतो. एप्रिल २०२४ मध्ये ६० लाखांचं सीएनसी मशीन घेतलं आणि त्याच महिन्यात चालू केलं. २०२४-२५ चा करपूर्व नफा ४० लाख. खात्याला कर भरायचा ८ लाख ७६ हजार, तो मान्य. पण सीएंनी त्याखाली आणखी १ लाख ३१ हजार 'डिफर्ड टॅक्स' म्हणून नफ्यातून कापलेत. जो कर कुणी मागितला नाही, ज्याचं चलन नाही, तारीख नाही, तो मी नफ्यातून का वजा करू? माझं मत: हा कागदावरचा खेळ आहे. कुणाला पटत नसेल तर सांगा.

चावडीवरचा

शंभर टक्के पटतं. आम्ही दर वर्ष-दोन वर्षांनी मशीन घेतो. गेल्या दहा वर्षांत डीटीएलचा, म्हणजे या डिफर्ड टॅक्सच्या देण्याचा आकडा एकदाही खाली आलेला पाहिला नाही. जे देणं कधीच फिटत नाही आणि ज्याचा तगादा कुणीच लावत नाही, त्याला देणं म्हणायचं कशाला? ते सरळ राखीव निधीत घाला आणि मोकळे व्हा.

मीनल (आर्टिकलशिप चालू)

यात गोंधळण्यासारखं काही नाही हो. पुस्तकातला घसारा आणि आयकरातला घसारा यांतला फरक घ्यायचा, कराच्या २५.१६८ टक्के दराने गुणायचं, झालं. पुस्तकात स्ट्रेट लाइनने १५ वर्षं आणि ५ टक्के शिल्लक किंमत धरली की वर्षाला ३.८० लाख. आयकरात १५ टक्के म्हणजे ९ लाख. फरक ५.२० लाख, त्यावर १,३०,८७४. मी तर दरवर्षी एवढंच करते, पाच मिनिटांचं काम.

पक्की खतावणी

लेथवाले, तुमचेच आकडे घेतो. जुन्या मशीनचा फरक किरकोळ आहे असं धरतो.

४० लाखांच्या नफ्यात ३.८० लाख घसारा वजा होऊन बसलाय. आयकरात तो परत मिळवायचा आणि ९ लाख वजा करायचे. करपात्र उत्पन्न ३४.८० लाख. तुम्ही कलम ११५बीएएचा सवलतीचा दर घेतलाय असं दिसतंय, म्हणजे २२ टक्के, त्यावर १० टक्के सरचार्ज आणि ४ टक्के सेस. कर झाला ८,७५,८४६. त्यात १,३०,८७४ मिळवा: १०,०६,७२०. हा आकडा ४० लाखांच्या बरोबर २५.१६८ टक्के आहे. योगायोग नाही हा. तुमच्या सीएंनी जो नफा दाखवला, त्या नफ्यावरचा पूर्ण कर त्याच वर्षात दाखवला, एवढंच झालंय.

आता ते फिटतं कधी ते बघा. आयकराचा घसारा दरवर्षी उतरत जातो: ९, मग ७.६५, मग ६.५०. सहाव्या वर्षी तो ३.९९ लाख असतो, सातव्या वर्षी ३.३९. पुस्तकात मात्र तेच ३.८० चालू. म्हणजे सहा वर्षं देणं साठत जातं आणि सातव्या वर्षापासून उतरायला लागतं. सहाव्या वर्षाअखेर पुस्तकात मशीन ३७.२० लाखांचं, आयकरात २२.६३ लाखांचं. फरक १४.५७ लाख, त्यावरचं देणं साधारण ३ लाख ६७ हजार. त्यानंतर दरवर्षी तुमच्या नफ्याच्या मानाने खात्याचा कर जास्त येणार. त्या वर्षी मात्र कुणी 'जादा कर का भरू' असा धागा काढू नका म्हणजे झालं.

चावडीवरचे, 'एकदाही खाली आला नाही' याचं कारण एक मशीन फेडत असताना दुसरं नव्याने उचल करतंय. दुकानदाराच्या देणेकऱ्यांची बेरीजही वर्षानुवर्षं शून्यावर येत नाही. म्हणून ती राखीव निधी होते का?

चावडीवरचा

दाखला चुकतोय. देणेकरी दारात येऊन बसतो, तारीख चुकली की व्याज लावतो. इथे तारीखही नाही, व्याजही नाही. आणि दहाव्या वर्षी जायचा रुपया आज पूर्ण रुपया म्हणूनच का धरायचा? आजच्या किमतीला आणून दाखवायची परवानगी तरी आहे का?

ब्रिटनमध्ये पूर्वी हेच म्हणत होते. जो फरक नजीकच्या काळात उलटण्याची शक्यता आहे तेवढ्याचीच तरतूद करा, बाकी सोडा, असा नियम होता त्यांच्याकडे.

पक्की खतावणी

होता, आणि २००० साली नवं मानक आणून तो त्यांनीच मोडीत काढला. 'आम्ही मशीन घेतच राहणार' या व्यवस्थापनाच्या शब्दावर देणं लहान-मोठं व्हायला लागलं, म्हणून. धंदा मंदावला, खरेदी थांबली की अचानक सगळं देणं वर येतं, तेही नेमकं वाईट वर्षात.

आजच्या किमतीचा मुद्दा मात्र मान्य. आपल्या एएस २२ या लेखा मानकात डिस्काउंटिंगला मनाई आहे, आणि ती मला स्वतःलाही पटत नाही. कारण दिलं जातं की कोणता फरक कोणत्या वर्षी उलटेल याचा हिशेब फार किचकट. एका मशीनचा तर मी वर पाच ओळींत केला.

बाकी हा वाद कोर्टातही लढून झालाय. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात एएस २२ ला आव्हान दिलं होतं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानक वैध ठरवलं.

शिवणयंत्र

मी एकटीच मालक आहे, कंपनी नाही. मशीन आणि कॉम्प्युटर मिळून दोन-अडीच लाखांची खरेदी. माझ्या ताळेबंदात हे डिफर्ड काहीच दिसत नाही. माझ्या सल्लागाराने चूक केली का?

मीनल (आर्टिकलशिप चालू)

नाही ताई. तुमच्या पुस्तकात बहुतेक आयकराच्याच दराने घसारा लावलेला असेल, त्यामुळे फरकच उरत नाही. कंपनीला कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोनमधलं मशीनचं आयुष्य धरावं लागतं, तिथे ही गंमत सुरू होते.

उलटी गंगा

आमच्याकडे तर नेमकं उलटं आहे आणि कुणी बोलतच नाहीये. आमची कंपनी पुस्तकातही डब्ल्यूडीव्ही पद्धत वापरते, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा. १५ वर्षं आणि ५ टक्के शिल्लक यावरून दर निघतो १८.१० टक्के. ६० लाखांवर पहिल्याच वर्षी १०.८६ लाख, आयकरात ९. म्हणजे पुस्तकातला घसाराच जास्त. देणं येतच नाही, डिफर्ड टॅक्स ॲसेट येतो. तेच मशीन, तोच कायदा, आणि निव्वळ पद्धत बदलल्यावर देण्याची मालमत्ता होते. आता सांगा, हा कागदावरचा खेळ नाही तर काय?

पक्की खतावणी

मुद्दा झकास आहे, पण तो घसाऱ्याच्या पद्धतीविरुद्ध आहे, डिफर्ड टॅक्सविरुद्ध नाही. तुम्ही पहिल्या वर्षी नफाच कमी दाखवला, त्यामुळे त्या नफ्याच्या मानाने कर जास्त भरला. जास्त भरलेला पुढे वसूल होणार म्हणून ती मालमत्ता. फक्त ॲसेट उभा करताना पुढे पुरेसा नफा होईल याची वाजवी खात्री लागते. आणि मागचा तोटा किंवा न वापरलेला घसारा ओढत असाल तर जवळजवळ पक्का पुरावा, म्हणजे हातात असलेल्या ऑर्डरसारखा. 'होईल नफा' चालत नाही.

निवृत्त बँकवाला

कर्जाच्या टेबलावरून सांगतो. लहान कंपनीचा ताळेबंद हातात आला की मी डीटीएल बाजूला ठेवायचो, ना धड कर्ज ना धड भांडवल. डीटीए, म्हणजे डिफर्ड टॅक्स ॲसेट, मात्र नेटवर्थमधून सरळ वजा. तेव्हा आमच्या लेखी चावडीवरच्यांचं थोडं खरं आणि खतावणींचंही थोडं खरं.

पण आकडा खेळ म्हणून सोडू नका. दर बदलला की जुनी सगळी शिल्लक नव्या दराने मोजावी लागते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपनी कर घटवला, आणि त्या तिमाहीत ॲक्सिस बँक ११२ कोटींच्या तोट्यात गेली, कारण डिफर्ड टॅक्स ॲसेटची किंमत कमी झाली आणि कराचा एकवेळचा बोजा पडला २,१३८ कोटींचा. त्यांचा ॲसेट घसाऱ्यापेक्षा मुख्यतः तरतुदींवरचा, पण यंत्रणा तीच. उलट ज्यांच्याकडे डीटीएल होतं, त्यांचं देणं बसल्या जागी हलकं झालं.

लेथवाला

बेरीज २५.१६८ ला बसते हे पाहून थोडा नरमलोय, पूर्ण नाही. एक राहिलं. या वर्षी जुनं लेथ काढतोय, गिऱ्हाईक साडेसहा लाखांना तयार आहे. पुस्तकात ते चार लाखांचं आहे. मीनलताईंच्या पाच मिनिटांच्या रीतीत हे कुठे बसतं?

मीनल (आर्टिकलशिप चालू)

विक्रीचा नफा वेगळा, घसाऱ्याचा फरक वेगळा. डिफर्ड टॅक्समध्ये येणार नाही असं वाटतं.

पक्की खतावणी

येणार, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पुस्तकात अडीच लाख नफा दिसेल. आयकरात एकेका मशीनचा हिशेबच नसतो, एका दराची सगळी मशीन एका ब्लॉकमध्ये धरतात; त्या १५ टक्क्यांच्या ब्लॉकमधून साडेसहा लाख वजा होतात आणि ब्लॉकमध्ये शिल्लक असेपर्यंत नफा नावाची गोष्ट निघत नाही. म्हणजे पुस्तकातून चार गेले, ब्लॉकमधून साडेसहा. दोघांतली दरी अडीच लाखांनी रुंदावली, त्यावर ६२,९२० रुपयांचं देणं वाढलं. नुसत्या घसाऱ्याच्या फरकावरून काढलंत तर हे पूर्ण निसटेल. तुमच्या सीएनसीचंच घ्या: पंधरा वर्षांनी पुस्तकात ते तीन लाखांवर थांबेल, पण ब्लॉकमध्ये त्याचा ५.२४ लाखांचा अंश उरलेला असेल, आणि भंगारात गेलं तरी त्याचा घसारा मिळत राहील.

मीनल, म्हणून वर्षाच्या घसाऱ्यावरून नको, शिलकीवरून काढ. पुस्तकातली घसारापात्र मालमत्तेची अखेरची शिल्लक घे, जमीन सोडून. टॅक्स ऑडिट रिपोर्टमधल्या ब्लॉकची अखेरची शिल्लक घे. फरकाला दराने गुण. गेल्या वर्षीच्या डीटीएलशी जो फरक येईल तो नफा-तोट्यात. मग एकूण कर भागिले करपूर्व नफा करून बघ. २५.१६८ पासून लांब असेल आणि दंड, देणगी असं काही कारण सापडत नसेल, तर कुठलीतरी विक्री राहिलीय.

मीनल (आर्टिकलशिप चालू)

ऑफिसात दोन फाइल्स आत्ता उघडून पाहिल्या. एकीचा दर २१.४ येतोय. उद्या सरांना सांगायचं कसं हा वेगळा धागा.

चावडीवरचा

म्हणजे दहाव्या वर्षी जायचे रुपये आज मोजायचे ते मोजायचेच, वर तेही चुकीचे मोजलेले. मी माझ्या मतावर आहे.