अंतिम फेरीचं थेट प्रक्षेपण: चॅटमध्ये ‘पहिलं बरोबर उत्तर’ ठेवायचं का?

प्रेषक: केतकी
विषय: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

नमस्कार मंडळी,
घरून बघणाऱ्यांच्या पाच प्रश्नांना बक्षीस ‘चॅटमध्ये पहिलं बरोबर उत्तर’ या नियमानेच द्यायचं का? मागच्या वेळी सहाव्या प्रश्नाला सभागृहात बसलेल्या कुणीतरी मोबाईलवरून उत्तर टाकलं. घरच्यांनी तेव्हा प्रश्न ऐकलाही नव्हता. पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. या वेळी YouTube च्या सेटिंगमध्ये Ultra low-latency, म्हणजे सगळ्यात कमी उशिराचा पर्याय, निवडला की हा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. अविनाश, कॅमेऱ्यामागे तूच आहेस ना? सांग बघू.

---

प्रेषक: वसंतकाका
विषय: Re: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

केतकी,
चित्रीकरणाचं सगळं गेली अकरा वर्षं मी बघतोय, त्यामुळे आधी मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. उशीर होतो तो नेटमुळे. सभागृहाचं वायफाय सोडून थेट केबल लावली की चित्र लगेच पोचतं. शिवाय ६० सेकंदांचा Delay लावायचा. म्हणजे कुणी मंचावर वावगं बोललं तरी आपल्याला मिनिटभर हाताशी राहतं आणि चॅटमध्येही सगळे एका पातळीवर येतात.
वसंत

---

प्रेषक: अविनाश
विषय: Re: Re: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

काका, केबल लावूच, त्यात दुमत नाही. पण केबलने चित्र अडखळायचं थांबतं, उशीर फारसा जात नाही.

काल रात्री घरी करून पाहिलं. कॅमेऱ्यासमोर फोनवर स्टॉपवॉच लावलं, थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि तेच प्रक्षेपण तीन पडद्यांवर लावलं. Low-latency वर लॅपटॉप ७ सेकंद मागे, मोबाईल ११ आणि टीव्ही १९. घर एक, वायफाय एक, टेबलही एकच. मग Ultra low-latency केलं. लॅपटॉप ४ वर आला, पण टीव्ही १२ च्या खाली उतरला नाही आणि मधूनमधून गोल फिरायला लागला.

असं होतं कारण आपण अख्खी फाइल पाठवत नसतो. चित्राचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे होतात, ते वर जातात, तिथे वेगवेगळ्या दर्जांत रूपांतर होतं, आणि बघणाऱ्याचा प्लेअर काही तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. हा साठा ज्याचा त्याचा. लॅपटॉप कमी ठेवतो, टीव्ही जास्त. साठा कमी केला की उशीर कमी होतो, पण नेट जरा डळमळलं की चित्र थांबतं. आधी रेकॉर्ड करून चढवलेल्या व्हिडिओत ही ओढाताण नसते. आपलं नेट हळू असेल तर चढायला रात्रभर लागेल, चित्राला काही होत नाही. थेटमध्ये मात्र तुकडा वेळेत पोचला नाही तर तो गेला.

म्हणून केतकी, सेटिंग कुठलंही ठेव, दोन घरांत आठ-दहा सेकंदांचा फरक राहणारच. ‘पहिलं उत्तर’ म्हणजे लॅपटॉपवाल्याला बक्षीस. कुणाला स्वतःचा आकडा बघायचा असेल तर संगणकावर व्हिडिओवर राइट-क्लिक करून Stats for nerds उघडा, त्यात Live Latency लिहिलेलं असतं.

---

प्रेषक: सुलभाताई
विषय: Re: Re: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

वसंतराव, ६० सेकंदांबद्दल मला बोलायलाच हवं, कारण चॅट मी सांभाळते. Delay चित्राला लागतो, चॅटला लागत नाही. सभागृहातल्या माणसाने लिहिलेलं घरच्यांना त्याच क्षणी दिसतं. मागच्या वेळी फरक पंधरा-वीस सेकंदांचा होता. तुम्ही मिनिट लावलंत तर प्रश्न ऐकू येण्याआधी त्याचं उत्तर मिनिटभर चॅटमध्ये पडून राहील.

आणि वावगं बोलणं आपोआप गाळलं जात नाही. त्या मिनिटात पडदा बदलायला, आवाज बंद करायला कुणीतरी हात बटणावर ठेवून बसलेलं लागतं. असा माणूस आपण नेमला आहे का?

चॅटसाठी माझी मागणी वेगळी आहे. मागच्या वेळी मी एकटी होते. शंकास्पद संदेश अडवून ठेवायची सोय चालू केली होती, तर साधी देवनागरी उत्तरंही त्यात अडकली. मी एकेक बघून सोडत होते, आणि सोडेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असायचा. लोकांना वाटलं मी मुद्दाम दाबून ठेवते. तीन जणांनी मला तसं फोन करून सांगितलं, त्याचं वाईट वाटलं. या वेळी दोघी हव्यात, एक अडवलेले संदेश बघायला आणि एक चालू चॅटवर. आणि Slow mode हवाच, म्हणजे एकच माणूस ओळीने दहा उत्तरं टाकणार नाही.

---

प्रेषक: प्रकाश
विषय: Re: Re: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

चॅटचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मी मुलीच्या नाचाचं थेट प्रक्षेपण केलं तेव्हा चॅट आलंच नाही, नंतर व्हिडिओखाली प्रतिक्रियाही बंद. हे Slow mode मुळे झालं का? तसं असेल तर शनिवारी लावू नका.

---

प्रेषक: अविनाश
विषय: Re: Re: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

प्रकाश, Slow mode मध्ये फक्त एकाच माणसाच्या दोन संदेशांत अंतर पडतं. तुझा व्हिडिओ बहुधा ‘मुलांसाठी बनवलेला’ असा नोंदवला गेला. तसं झालं की चॅट आणि प्रतिक्रिया दोन्ही बंद होतात. आपली प्रश्नमंजुषा तशी नोंदवायची नाही, केतकी, हे तपासून घे.

सुलभाताई म्हणतात ते चॅटचं बरोबर आहे, आणि तोट्याची तीच गोष्ट फायद्याची करून घेता येईल. चॅट उशिरा पोचत नसेल तर उत्तरं फॉर्मवर घेऊ. प्रश्न वाचून संपला की मंडळाच्या खात्यावरून चॅटमध्ये फॉर्मची लिंक टाकायची आणि ६० सेकंदांनी फॉर्म बंद करायचा. माझ्या टीव्हीइतकं मागे असलेल्या माणसालाही प्रश्न ऐकून चाळीस सेकंद मिळतात. बरोबर उत्तरं देणाऱ्यांतून चिठ्ठी काढायची, वेगाला गुण नाहीत. एकच पथ्य: फॉर्म बंद झाल्याची खूण सुलभाताईंकडून आल्याशिवाय मंचावरून उत्तर सांगायचं नाही. सांगितलं की सभागृहातल्या कुणीही ते चॅटमध्ये टाकेल, आणि टीव्हीवाल्याला ते ऐकण्याआधी वाचायला मिळेल.

---

प्रेषक: केतकी
विषय: Re: Re: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

हे पटलं. मग प्रश्नच फॉर्मवर लिहिला तर? तो सगळ्यांना एकदमच मिळेल, चित्र कितीही मागे असो.

---

प्रेषक: अविनाश
विषय: Re: Re: शनिवारची प्रश्नमंजुषा, आजच ठरवूया

लेखी प्रश्नांना उत्तम. पाचपैकी दोन प्रश्न आवाज ओळखण्याचे आहेत, त्यांना प्रक्षेपणावरच थांबावं लागेल. आणि लिंक वाचन सुरू झाल्यावरच सुटली पाहिजे, नाहीतर प्रेक्षकांतला कुणीतरी मंचावरच्या संघाला खुणावेल.

---

प्रेषक: माधवकाका
विषय: माझ्या उत्तराचं काय

सर्वांस नमस्कार.
फॉर्म वगैरे ठीक आहे, पण मागच्या वेळी आठव्या प्रश्नाचं माझं उत्तर बरोबर होतं आणि प्रश्न ऐकल्याबरोबर दिलं होतं. तरी ‘उशिरा आलं’ म्हणून बाजूला टाकलं गेलं. माझ्याकडचं नेट चांगलं आहे. याचा खुलासा अजून कुणी केलेला नाही.

---

प्रेषक: अविनाश
विषय: Re: माझ्या उत्तराचं काय

काका, मधे कधी व्हिडिओ थांबवला होता का? फोन आला, दाराची घंटा वाजली, असं काही? थेट प्रक्षेपण थांबवून पुन्हा सुरू केलं की ते थांबवलं तिथूनच पुढे चालतं, आताच्या क्षणावर उडी मारत नाही. तुम्ही चार मिनिटं थांबला असाल तर शेवटपर्यंत चार मिनिटं मागेच राहता. LIVE या शब्दाशेजारचा ठिपका तेव्हा लाल नसतो, राखाडी असतो. त्याच्यावर दाबलं की पुढे येता.

---

प्रेषक: माधवकाका
विषय: Re: माझ्या उत्तराचं काय

फोन आला होता खरा, धाकट्या भावाचा. ठिपक्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. सूत्रसंचालकाने सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर हे सांगावं अशी माझी विनंती आहे.

---

प्रेषक: वसंतकाका
विषय: Re: Re: माझ्या उत्तराचं काय

यावर सोपा उपाय आहे. Enable DVR बंद करा, म्हणजे मागे जाणंच शक्य नाही. ६० सेकंदांचं मी मागे घेतो, चॅटचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

प्रेषक: सुलभाताई
विषय: Re: Re: माझ्या उत्तराचं काय

DVR बंद नको. माझ्या आईसारखे कितीतरी लोक एखादं वाक्य नीट ऐकू आलं नाही की दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकतात. पाच बक्षिसांसाठी अडीच तास त्यांची ती सोय काढून घ्यायची का?

---

प्रेषक: केतकी
विषय: रिप्लेचं पण ठरवूया

DVR वर मत देऊन ठेवा. तोवर दुसरी गोष्ट. मागच्या रिप्लेत पहिली चौदा मिनिटं रिकामी खुर्ची आणि माईकची खरखर आहे. या वेळी कार्यक्रम संपला की स्वच्छ केलेला व्हिडिओ नव्याने चढवून रिप्ले काढून टाकावा का?

---

प्रेषक: अविनाश
विषय: Re: रिप्लेचं पण ठरवूया

लगेच काढू नकोस. चढवलेल्या व्हिडिओची फाइल तीच लिंक ठेवून बदलता येत नाही. नव्याने चढवलास की लिंक नवी होते, आधी पाठवलेल्या सगळ्या लिंक मरतात आणि चॅट जुन्याबरोबर जातं. नुसती सुरुवातच कापायची असेल तर YouTube च्या संपादकात कापता येते, लिंक तीच राहते. फक्त मी मागे एकदा असं कापलं तेव्हा शेजारचं चॅट दिसेनासं झालं होतं. आणि कापलेलं लागू व्हायला काही तास गेले, तोवर लोक जुनंच बघत होते.

दर्जाचंही बघायला हवं. रिप्ले म्हणजे वरपर्यंत जे पोचलं त्याची नोंद. नेट अडखळलं तिथे रिप्लेही कायमचा अडखळतो. म्हणून मी OBS या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपणाबरोबर लॅपटॉपवर वेगळं रेकॉर्डिंग करतो, तेही mkv प्रकारच्या फाइलमध्ये. साध्या mp4 मध्ये करत होतो तेव्हा एकदा लॅपटॉप मधेच बंद पडला आणि दोन तासांची फाइल उघडलीच नाही. mkv असती तर बंद पडेपर्यंतचं सगळं मिळालं असतं.

---

प्रेषक: सुलभाताई
विषय: Re: रिप्लेचं पण ठरवूया

चॅट गेलं तर मला चालेल. थेट चालू असताना लोक घाईत लिहितात, कुणाच्या मुलाचं नाव, कुणाचा फोन नंबर. मागच्या रिप्लेतून असे चार संदेश मी दोन दिवसांनी शोधून काढले, तोवर कुणी पाहिले असतील सांगता येत नाही.

---

प्रेषक: माधवकाका
विषय: Re: रिप्लेचं पण ठरवूया

चॅट काढू नये. माझं आठव्या प्रश्नाचं उत्तर किती वाजता आलं याचा पुरावा तेवढाच आहे.

---

प्रेषक: केतकी
विषय: Re: रिप्लेचं पण ठरवूया

ठरलेलं लिहिते. उत्तरं फॉर्मवर, एक मिनिट, मग चिठ्ठी. Low-latency ठेवायचं. चॅटवर सुलभाताईंच्या जोडीला मी. माधवकाकांची सूचना सूत्रसंचालकाला कळवली आहे. थेट संपलं की रिप्ले आपोआप Unlisted होईल, म्हणजे लिंक असलेल्यांनाच दिसेल, असं लावते, चॅट तपासून मग खुला करू. रेकॉर्डिंगवरून स्वच्छ व्हिडिओ वेगळा चढवू, पण जुनी लिंक राहू दे.

DVR वर आत्तापर्यंत चार विरुद्ध चार आहे. वसंतकाका, सुलभाताई, उद्या संध्याकाळी तिघांनी फोनवर बोलूया का? अविनाश, स्टॉपवॉचची चाचणी शुक्रवारी सभागृहातून केबल लावून पुन्हा कर. माधवकाकांनी त्यांच्या टीव्हीवर आकडा बघून कळवायचं कबूल केलं आहे.