सोसायटीतला ट्रेझर हंट: तुमचेही अनुभव लिहा

मुक्ता_
आज मीटरच्या खोलीत गेले तर मीटरमागून एक धुळकट पिवळी चिठ्ठी खाली पडली. "मी दिवसभर वर-खाली करतो तरी दमत नाही". लेकीच्या आठव्या वाढदिवसाची! पिवळी टीम तेव्हा रडकुंडीला आली होती आणि मी शपथेवर सांगत होते की ठेवलीय, तिथेच ठेवलीय. लेक आता कॉलेजात आहे. लिहा तुमचेही किस्से.

रेवा
हाहा. आमच्याकडे १२ पोरं एकत्र सोडली होती. भराभर वाचता येणारे दोघं पुढे, बाकीची वरात मागे. तिसऱ्या चिठ्ठीपर्यंत अर्धी घसरगुंडीवर, एक जण आमच्या घरी टीव्ही बघत. संपला हंट.

गोट्याचीआई
अगं टीम पाडायच्या ना. ३ टीम, प्रत्येकीला वेगळ्या जागा वेगळ्या चिठ्ठ्या. मी तसंच केलेलं, मस्त झालं. फक्त आदल्या रात्री दीडपर्यंत चिठ्ठ्या लिहीत बसले

जुनापतंग
टीमचं बरोबर, पण वेगळ्या जागा कशाला? तुम्ही ६-६ जागा धरल्या तर १८ कोडी झाली. तेवढ्या धड जागा एका आवारात मिळतही नाहीत.

आम्ही गोल करतो. जागा ६च: पत्रपेट्या, झोपाळा, नोटीस बोर्ड, बागेतला नळ, सायकल स्टँड, क्लबहाऊसची पायरी. प्रत्येक ठिकाणची चिठ्ठी पुढच्या जागेची, आणि सहावीची परत पहिलीकडे. लाल टीम १पासून सुरू, निळी ३पासून, पिवळी ५पासून. सुरुवातीची चिठ्ठी हातात द्यायची. तिघी एकाच गोलात फिरतात पण एकमेकींच्या मागे लागत नाहीत, आणि कोडी सहाच लिहावी लागतात. चिठ्ठी भिंतीला चिकटवलेली, काढायची नाही. तिथल्या पाकिटात तीन रंगांचे तीन तुकडे, आपल्या रंगाचा तेवढा घ्यायचा. सहा तुकडे जमले की खजिन्याच्या जागेचा फोटो तयार. म्हणजे थांबायचं कधी तेही पोरांना कळतं.

रेवा
आणि एखादी टीम अडकली तर मागची येऊन धडकणार ना?

जुनापतंग
धडकते. मधे दोनच जागांचं अंतर असतं. म्हणून प्रत्येक टीमबरोबर एक मोठं माणूस, तीनेक मिनिटं अडकले की हिंट द्यायची. तरी धडकल्याच तर तुकडे रंगाचे असल्यामुळे नुकसान काही नाही, फक्त मग दोन्ही टीम घोळक्याने पळतात. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

शमिका२१
आमच्या कार्ट्यांनी चार तुकड्यांतच फोटो ओळखला 😄 आणि थेट तिकडे पळाली. तेव्हापासून खजिना वॉचमन काकांच्या केबिनमध्ये ठेवतो, सहाही तुकडे जोडून दाखवल्याशिवाय काका देत नाहीत. काकांना भारी मजा येते, मुद्दाम तुकडे पुन्हा पुन्हा मोजतात.

बाळासाहेब_टेरेसवाले
छान धागा. आमचा नातू तीन वर्षांचा आहे त्याच्यासाठी कोडी सुचवा

गोट्याचीआई
काका त्याला वाचता येत नाही ना अजून 🙂 जागांचे फोटो ठेवा.

@जुनापतंग हे आधी सांगितलं असतं तर मी वेळेवर झोपले असते

नीलकंठी
कोड्यांवरून आठवलं, आमच्या ह्यांनी यमक जुळवून आठ-आठ ओळींच्या कविता केलेल्या. पोरांनी पहिली ओळ वाचली आणि "काकू सांगा ना कुठे जायचं". या वयात दोन ओळी पुरे. आणि ठरलेल्या मुलाने वाचायचं नाही, प्रत्येक चिठ्ठी पुढच्याने वाचायची, नाहीतर हळू वाचणारं पोर नुसतं धावतं. ह्यांच्या कविता अजून कपाटात आहेत, कोणाला हव्यात का

मुक्ता_
ह्यांना साष्टांग नमस्कार 😂 माझी अजून एक भर, सकाळीच चिठ्ठ्या लावू नका. झाडलोट करणाऱ्या मावशींनी दोन कचरा म्हणून उचलल्या होत्या, त्यांची काही चूक नाही, दिसत होत्याच तशा. अर्धा तास आधी लावायच्या, मावशींना आणि वॉचमनला सांगून, आणि एक जादा सेट खिशात.

शमिका२१
पार्किंग पूर्ण बाद. पोरं चिठ्ठी बघत पळतात, रिव्हर्स घेणाऱ्याला ती दिसतच नाहीत. सगळं वॉचमनच्या नजरेतल्या मोकळ्या भागात. लिफ्टही नको.

रेवा
लिफ्ट का नको, मोठं माणूस असतंच की बरोबर. मुलांना तेच तर आवडतं.

शमिका२१
एक टीम आत, दुसरी दार धरून उभी, आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा औषध घेऊन खाली ताटकळत. नंतर सोसायटीच्या ग्रुपवर जे झालं ते नको आता.

रेवा
आमचे शेजारी बरे मग. आम्ही वापरतोच.

गोट्याचीआई
बरं जिंकणाऱ्या टीमला वेगळं बक्षीस देता का? माझी बहीण म्हणते द्यायलाच हवं नाहीतर कोणी पळणार नाही

जुनापतंग
मी एकच खजिना ठेवतो, सगळ्या टीम पोचल्या की उघडायचा, सारखे वाटे. पहिल्यांना फक्त कुलूप उघडायचा मान.

नीलकंठी
आमच्याकडे कुलपाच्या मानावरूनच मारामारी झालेली 🙏 नंतर लिहिते, कुकर झाला

बाळासाहेब_टेरेसवाले
नीलकंठीताई, त्या कविता पाठवा. नातवाला मी वाचून दाखवीन.