मदत हवी आहे: प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या आजींच्या दाढा काढायच्या आहेत

नमस्कार मंडळी. दादरला माझं छोटं क्लिनिक आहे. ६८ वर्षांच्या आजी, वजन ५२ किलो, ८ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. खालच्या उजव्या दोन दाढा काढायच्या आहेत. फिजिशियनची परवानगी आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालूच ठेवायच्या आहेत.

माझ्याकडे नेहमीचं २% लिग्नोकेन, १:८०,००० अॅड्रेनलिनवालं आहे. ४.४ मिग्रॅ प्रतिकिलो धरलं तर लिग्नोकेन साधारण २२८ मिग्रॅ, म्हणजे ११ मिली चालेल. पण हृदयरोग्याला अॅड्रेनलिन एका वेळी ०.०४ मिग्रॅच्या पुढे नको, आणि या द्रावणात मिलीला ०.०१२५ मिग्रॅ असतं. म्हणजे ३.२ मिलीलाच हात थांबवायचा. एक ब्लॉक फसला, तर दुसऱ्यासाठी फारसं उरत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आजी मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल घेतात. त्यावर अॅड्रेनलिन गेलं तर बीपी एकदम चढून नाडी मंदावू शकते. मेटोप्रोलॉल असतं तर एवढी धास्ती नसती. शिवाय प्रोप्रॅनोलॉलमुळे लिग्नोकेनही शरीरातून हळू बाहेर पडतं, म्हणून ११ मिलीचा आकडा मला मुळात सैलच वाटतो.

तुम्ही अशा वेळी १:२,००,००० वापरता, की ३% साधं मेपिव्हाकेन? साध्यात दोन्ही दाढा निघेपर्यंत बधिरपणा टिकेल का? वेदनेने आजींचंच अॅड्रेनलिन उसळलं तर सगळं मुसळ केरात. माझा विचार असा: १:२,००,००० चं १ मिली अॅस्पिरेट करून सावकाश द्यायचं, ५ मिनिटांनी बीपी-नाडी बघायची, मगच पुढचं. आणि एका वेळी एकच दाढ. यात काही चुकतंय का? अपॉइंटमेंट गुरुवारी आहे.