दुरुस्तीचा मेल: आधी गाडी, मग माफी

> «सगळ्या टीमला चुकीची शीट गेली. माफीचा मेल लिहितोय, पण तो लांबतच चाललाय. किती लिहू?»

मी रावेरला केळीच्या पॅकहाउसमध्ये डिस्पॅच बघायचो. एकदा एक्सेलमध्ये गावांचा एकच कॉलम सॉर्ट झाला, गाडी नंबर जागच्या जागी राहिले आणि तशीच शीट सगळ्यांना गेली. घाबरून अकरा ओळींची माफी लिहिली. पाच मिनिटांत सावद्याहून सुपरवायझरचा फोन: «भाऊ, ते सगळं ठीक, पण माझी गाडी कोणती?» अकरा ओळींत तेवढंच नव्हतं!

मग दुसरा मेल असा गेला:

विषय: दुरुस्ती – आजची सकाळची गाडी-यादी वापरू नका

«सकाळी 7:10 च्या यादीत गावं आणि गाडी नंबर जुळत नाहीत. चूक माझी, सॉर्ट करताना झाली. फरक फक्त सावदा, फैजपूर आणि निंभोरा इथल्या गाड्यांना आहे. बरोबर यादी सोबत जोडली आहे. गाडी निघाली असेल तर ड्रायव्हरला मी स्वतः फोन करतोय. पुढे यादी टेबल करूनच सॉर्ट करेन, म्हणजे पूर्ण ओळ एकत्र हलेल.»

«चूक माझी» एकदाच. ‹मला फार वाईट वाटतंय› लिहिलं की लोक ‹असू दे भाऊ› म्हणत रिप्लाय-ऑल करतात, आणि बरोबर यादी त्याखाली गाडली जाते. फरक कोणाला नाही तेही कळू द्या, नाहीतर बाकीचेही गाड्या थांबवून बसतात. नुकसान अजून मोजलं नसेल तर आकडा टाकू नका. कधी कळवाल ती वेळ लिहा.