मदत हवी आहे: माझ्या कथेतली शिवणारी बाई रात्रभर नेमकं काय करेल?

नमस्कार मंडळी, छोटी कथा लिहितेय. कोपरीतली चाळ, एका खोलीत ब्लाउज शिवून देणारी बाई, उद्या सकाळी लग्न आणि रात्री नऊला नवरी ट्रायलला येते तर पैठणीचा ब्लाउज छातीत दीड इंच कमी. माप बरोबरच होतं पण नंतर नवरीने आतून कप लावून मागितले म्हणून घट्ट झाला, असं दाखवलंय. मग बाई रात्रभर उसवून परत शिवते. मला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही, त्यामुळे हे पटतं का सांगा.

घोडबंदरकर: दोन्ही बाजू उसवून पाऊण पाऊण इंच सोडायचं. पण तेवढी माया सोडली तर टीप मारायला काय उरणार? गडबड आहे.

ऐरोलीची मावशी: ताई मला पण अर्जंटच हवंय, पुतणीचं लग्न पुढच्या रविवारी, तुमच्या त्या बाईंचा नंबर द्या ना

सुईदोरा: मावशी, ती बाई कथेतली आहे हो 😄
घोडबंदरकर, हिशोब थोडा चुकला. एका बाजूच्या शिलाईत पुढचं आणि मागचं अशी दोन कापडं असतात, म्हणून प्रत्येकातून तीनच सूत सोडायचं, चार ठिकाणचं मिळून दीड इंच होतं. मुंढा वाढतो म्हणून बाहीची बगलेतली शिलाईही तेवढीच सोडायची, नाहीतर बाही बसवताना चुण्या पडतात. जुन्या टिपेची भोकं रेशमावर दिसतात, पण बगलेत कोण बघतंय. अस्तरासकट मला याला फार तर दीड तास लागतो, रात्र जात नाही.

धागाकर्ती: अरे देवा, मग माझी कथा साडेदहालाच संपली!

सुईदोरा: मग मायाच नाही असं करा, ओव्हरलॉक करताना कापली गेली. आता दोन्ही बगलांपासून खालपर्यंत कळी घालावी लागणार, ती बाहीतही न्यायची, आणि ब्लाउजपीस तर संपलेला. अशा वेळी साडीचं आतलं टोक, जे कमरेला खोचलं जातं, तिथून कापड घेतात. पट्टी जेमतेम पावणेदोन इंच रुंद, पण ब्लाउजच्याच उभ्या धाग्यात धरायची म्हणून टोकाचं वीतभर जातं. घाईत आडवी कापली तर धूपछाव पैठणीत तीच कळी वेगळ्याच रंगाची दिसते, आणि ट्यूबलाइटखाली ते पटकन कळत नाही, सकाळी उजेडात कळतं. माझं एकदा झालंय. मग परत उसवा.

घोडबंदरकर: हां, मग पहाट होईल. पण रात्री दोनला चाळीत मशीन चालवली तर शेजारी ओरडतील ना?

सुईदोरा: पायमशीनचाही आवाज होतोच. हाताने बारीक उलटी टीप घालू शकते, मी बगलेत घालणार नाही, हात वर केला की ताण तिथेच येतो.

धागाकर्ती: आडवी कापलेली कळी घेतेच मी. पण साडी नवरीच्या आईची आहे, कात्री लावायच्या आधी बाई रात्री बाराला फोन करेल की गुपचूप कापेल?

सुईदोरा: मी फोन केला असता.

घोडबंदरकर: बाराला फोन? घरभर रडारड. गुपचूप कापावी.

ऐरोलीची मावशी: बरं मग वाशीत कोणी आहे का?