मदत हवी आहे: ट्यूबची चाचणी 650 अंशांवर झाली, आयुष्य हवंय 540 अंशांवर. लार्सन-मिलरचा आकडा कितपत धरायचा?

गळीतहंगाम

सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती बॉयलरचा प्रश्न आहे. बगॅसवर चालतो. सेकंडरी सुपरहीटरच्या टी-22 कॉइलमधून एक तुकडा कापून चाचणीला दिला होता. बाहेरचा व्यास 44.5 मिमी, सगळ्यात पातळ जागी जाडी 4.2 मिमी, आतला दाब 10.8 मेगापास्कल. वाफेचं तापमान 540 अंश सेल्सिअस.

प्रयोगशाळेने 52 मेगापास्कल ताण ठेवून 650 अंशांवर नमुना तोडला, तो 400 तासांत तुटला. अहवालात स्थिरांक 20 धरून 540 अंशांवर 4.57 लाख तास आयुष्य दिलंय. आमच्या ऑफिसातल्या शीटमध्ये तेच आकडे घातले तर 1 कोटी 60 लाख तास येतात. नंतर त्याच ताणाची 620 अंशांवरची दुसरी चाचणी आली, तो नमुना 1600 तासांत तुटला. पण अहवाल तसाच राहिला.

दोन प्रश्न: शीट कुठे चुकतेय? आणि दुसऱ्या चाचणीमुळे 4.57 लाखांत फरक पडतो का? पुढच्या हंगामाआधी कॉइल बदलायची की नाही हे यावर ठरणार आहे.

तापमापक

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शीटमध्ये तापमान सेल्सिअसमध्येच गेलंय. 650 × (20 + 2.602) भागिले 540 केलं की 27.2 येतात, त्यातून 20 वजा केले की 10 चा 7.2 वा घात, म्हणजे तुमचे 1 कोटी 60 लाख. जवळजवळ अठराशे वर्षं. असा आकडा दिसला की आधी 273.15 मिळवलेत का ते बघायचं. एका ओळीत असं तपासा:

```
=10^(923.15*(20+LOG10(400))/813.15-20)
```

यातून 4.57 लाख येतील. वेळ तासांतच हवी आणि लॉग दहाच्या पायाचा हवा. एक्सेलमध्ये `LN` घातलं किंवा पायथनमध्ये `math.log` वापरलं तर 20 हा स्थिरांक लागूच पडत नाही. एखाद्या जुन्या अमेरिकन आलेखावर तुमच्या 20865 या पॅरामीटरऐवजी 37.6 वाचायला मिळालं तर घाबरू नका. तो रँकिनमध्ये आहे, 1.8 ने गुणलेला आणि हजाराने भागलेला.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

चिंचोळीकर

आमच्याकडे चिंचोळी एमआयडीसीत फोर्जिंगला टेम्परिंग करताना हेच सूत्र वापरतो की ओ. 650 ला दोन तास की 620 ला किती तास, असं. 20 धरतो, कडकपणा बरोबर येतो. मग यांचं काय अडतंय?

तापमापक

@चिंचोळीकर, सूत्राचा साचा तोच आहे. टेम्परिंगसाठी तो होलोमन आणि जॅफी यांनी 1945 मध्ये मांडला, लार्सन आणि मिलर यांनी 1952 मध्ये क्रीपला लावला. पण तुम्ही 30 अंश इकडे-तिकडे सरकता आणि वेळ तासांचीच राहते. इथे 110 अंश खाली उतरायचंय आणि तास चारशेवरून लाखांत जाणार आहेत. स्थिरांकातली छोटी चूक तुमच्या भट्टीत दिसणारसुद्धा नाही, इथे ती उत्तर उलटं करू शकते.

आता ताई, तुमच्याकडे एकाच ताणाच्या दोन चाचण्या आहेत, म्हणजे स्थिरांक गृहीत धरायची गरजच नाही. दोन्हींचा पॅरामीटर सारखा असायला हवा, म्हणून:

```
923.15 × (C + 2.602) = 893.15 × (C + 3.204)
```

यातून सी येतो 15.3. हा धरला तर पॅरामीटर 16545 होतो आणि 540 अंशांवरचं आयुष्य 1.06 लाख तास. चाचण्या त्याच, नमुना तोच, पण आयुष्य चौपटीहून कमी. 20 बरोबर असता तर 620 चा नमुना साधारण 2300 तास टिकायला हवा होता. तो 1600 लाच गेला, हे अहवालात न घेणं मला पटत नाही.

आयबीआर_वाला

एवढं घाबरवू नका. टी-22 ला 20 हा सर्वमान्य स्थिरांक आहे. 620 चा नमुना लवकर तुटला कारण चाचणी हवेत झाली असणार. नमुन्यावर खपली धरते, आतलं धातूचं क्षेत्रफळ कमी होतं, ताण वाढतो. खऱ्या ट्यूबला हा प्रश्न नाही. तेव्हा 4.57 लाख घ्या, त्यातून आजवर चाललेले तास वजा करा, उरलेलं आयुष्य मिळालं.

तापमापक

खपलीबद्दल बरोबर बोललात, आणि ती शंका मलाही आहे. 4.2 मिमी जाडीच्या गोल ट्यूबमधून उभा नमुना काढला तर तो फार तर 3 मिमी व्यासाचा निघतो. त्याच्या सगळ्या बाजूंनी 0.1 मिमी धातू खपलीत गेला की क्षेत्रफळ 13 टक्के कमी होतं आणि ताण 15 टक्के वाढतो. 6 मिमीच्या नमुन्यात हीच वाढ 7 टक्के असते. म्हणून प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा: नमुन्याचा मूळ व्यास, चाचणी हवेत की आर्गॉनमध्ये, आणि तुटल्यावर खपली काढून मोजलेला व्यास. शेवटचं मोजलेलं नसेल तर तुटके तुकडे परत मागवा, ते अजून पडलेले असतात. पण खपली 650 च्या नमुन्यावरही धरली असणार. तिने दोन्ही नमुन्यांचं आयुष्य कमीच केलंय, दोन्हींचं सारखं नाही, एवढंच. त्यावरून 20 सिद्ध होत नाही.

वजाबाकीचं मात्र पटत नाही. नमुना वापरलेल्या ट्यूबचा आहे, झालेली झीज आणि क्रीप त्याच्या अंगातच आहे. त्यातून येतं ते उरलेलंच आयुष्य. नव्या पोलादाच्या आलेखावरून हिशोब केला असता तर चाललेले तास वजा करायचे. इथे केलेत तर एकच खर्च दोनदा लागेल.

गळीतहंगाम

म्हणजे 1.06 लाख हा आकडा धरू का? आमचा हंगाम 160 दिवसांचा धरला तर 3840 तास. त्या हिशोबाने सत्तावीस हंगाम होतात, काळजीचं कारण नाही.

तापमापक

थांबा, दोन्ही बाजूंनी थांबा.

पहिलं म्हणजे 15.3 वरही फार विसंबू नका. भट्टीचं तापमान 3-4 अंशांनी चुकलं तरी 620 च्या चाचणीत वीस टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. 1600 ऐवजी 1920 तास आले असते तर सी 17.7 निघाला असता. फक्त 30 अंशांच्या अंतरावरच्या दोन बिंदूंवरून काढलेला स्थिरांक असाच हलणार. थर्मोकपल नमुन्याला बांधलेलं होतं की भट्टीच्या भिंतीला, हेही त्या पत्रात विचारून घ्या.

दुसरं याहून मोठं आहे. 540 अंश हे वाफेचं तापमान आहे, धातूचं नाही. ज्वाळेसमोरच्या सुपरहीटरमध्ये धातू वाफेपेक्षा सहज 20 ते 40 अंश वर असतो, आणि आत खपली जाड झाली की आणखी वर जातो, कारण खपली उष्णता अडवते. शिवाय हेडरवर मोजलेलं तापमान म्हणजे सगळ्या कॉइलची सरासरी. धातू 570 अंशांवर आहे असं धरून बघा. स्थिरांक 20 ने 55,800 तास येतात, 15.3 ने 20,100. तुमच्या हिशोबात साडेचौदा हंगाम किंवा जेमतेम सव्वापाच.

आणि हे सगळं 52 मेगापास्कलवर. राखेने ट्यूब अजून झिजणार असेल तर ताण वाढत जाईल, तो हिशोब वेगळा.

सुपरक्रिटिकल

आमच्याकडे पी-91 चं हेडर आहे. तिथेही असंच दोन चाचण्यांवरून काढलं तर चालेल का? आमच्या अहवालात सरसकट 20 लावलाय.

तापमापक

@सुपरक्रिटिकल, पी-91 ला बहुधा तिसाच्या आसपासचा स्थिरांक जास्त जुळतो. पण त्याची अडचण वेगळी. जास्त ताणाच्या आणि कमी तासांच्या चाचण्यांवरून दूरचा अंदाज काढला तर तो फुगतो, कारण दीर्घकाळात पोलादाची आतली रचनाच बदलते. कमी तासांत तो बदल घडतच नाही, मग चाचणीला तो कळणार कसा? वेगळा धागा काढा, इथे दोन्ही मिसळतील.

आयबीआर_वाला

बरं, 570 कशावरून धरलंत? वरच्या बंद भागातली थर्मोकपल तर 545 दाखवत असणार.

तापमापक

570 फक्त उदाहरणाला घेतलंय, ते सिद्ध झालेलं नाही. पण वरच्या बंद भागातली थर्मोकपल भट्टीबाहेर असतात. तिथे ट्यूबला ज्वाळेची उष्णता लागत नाही, त्यामुळे ती त्या कॉइलमधल्या वाफेचंच तापमान सांगतात, समोरच्या बाजूच्या धातूचं नाही. मात्र वेगवेगळ्या कॉइलमधला फरक त्यांच्यावरून कळतो. एखादी 560 दाखवत असेल तर नमुना तिचाच हवा होता.

धातूचं तापमान अंदाजण्याचा जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे आतल्या खपलीची जाडी. कापलेल्या ट्यूबच्या कडेला पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते, बाकीच्या कॉइलवर शटडाऊनमध्ये अल्ट्रासॉनिकने. जाडी आणि चाललेले तास मिळून सरासरी तापमान काढता येतं.

गळीतहंगाम

खपलीचा आकडा अहवालात नाही, तुकडा मात्र शिल्लक आहे. तिसरी चाचणी करायची झाली तर कुठल्या तापमानावर? प्रयोगशाळा म्हणते 635 वर लवकर होईल.

तापमापक

635 वर पैसे घालवू नका. 15.3 धरला तर तिथे सुमारे 790 तास, 20 धरला तर 940. एवढा फरक नमुन्या-नमुन्यातही पडतो, काहीच ठरणार नाही. 600 वर करा. तिथे 15.3 ने साधारण 4250 तास, 20 ने 7900. नमुना 4000 च्या अलीकडे-पलीकडे तुटला तर अहवालाचा आकडा सोडून द्यायचा. 6000 ओलांडून गेला तर आयबीआर_वाला यांचं म्हणणं बळकट. शक्य असेल तर आर्गॉनमध्ये, नाहीतर खपलीचा वाद परत उभा राहील.

आयबीआर_वाला

4250 तास म्हणजे सहा महिने. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे होणार नाही.

तापमापक

नाही होणार. म्हणून खपली आधी मोजा, ते आठवड्याभराचं काम आहे. धातू 550 च्या आत निघाला तर वाईट स्थिरांकानेही 60 हजारांच्या आसपास तास राहतात, कॉइल ठेवून चाचणी चालू द्या. 570 किंवा वर निघाला तर चाचणीची वाट न बघता ज्वाळेसमोरचे बेंड बदलायला काढा.

गळीतहंगाम

तुकडा उद्या पॉलिशला देते. व्यास, आर्गॉन आणि थर्मोकपल, तिन्हींचं पत्र प्रयोगशाळेला आजच जातंय. खपलीचा आकडा आला की इथेच टाकते.