मदत हवी आहे: सीएंनी पाठवलेली फाईल उघडत नाहीये, सारखा पासवर्ड मागतेय

विरारफास्ट, दु. १२:४०
सीएंच्या ऑफिसातून वनड्राइव्हची लिंक आलीये, उघडली की परत साइन इन करा म्हणतं. पासवर्ड टाकला तर चुकीचा म्हणालं, परत टाकला, मोबाइलवर कोड आला तोही टाकला आणि मग नुसतं वनड्राइव्हचं पान उघडलं, फाईल गायबच. पाचच्या आत सरांना आकडे द्यायचेत. काय सेटिंग करू? प्लीज लवकर

बोरिवलीकर
कॅशे क्लिअर करा, नाहीतर इनकॉग्निटोत उघडा. ९० टक्के वेळा तेच असतं.

रात्रपाळी
थांबा, परत पासवर्ड टाकू नका. त्याच ब्राउजरमध्ये ऑफिसचा मेल आधीपासून उघडा होता का? आणि साइन इनच्या पानावर वरचा पत्ता काय होता, हिस्टरीत बघून सांगा.

विरारफास्ट
मेल उघडाच होता, त्यातूनच तर क्लिक केलं. अहो सीए दहा वर्षांपासूनचे आहेत, मेल त्यांच्याच आयडीवरून आलाय, आमच्या मागच्या मेलच्या खालीच. उघडत नाही म्हणून मी रिप्लाय केला तर दोन मिनिटांत उत्तर, "हो मीच पाठवलंय, ऑफिसचा आयडी वापरा"

रात्रपाळी
फोन केलात का? त्यांच्या मेलबॉक्समध्ये दुसराच कुणी बसला असेल तर रिप्लायही तोच देणार.

कुर्ला_कॅम्प
झालं, आता प्रत्येक लिंक फ्रॉड. आमच्या क्लायंटचं शेअरपॉइंट पण साइन इन मागतं, रोज मागतं.

रात्रपाळी
मागतं ना. बाहेरच्या माणसाला कधी कधी मेलवर कोड पाठवतं, आणि फोनवर एखाद्या अॅपच्या आत लिंक उघडली तर खरंखुरंही परत मागतं. म्हणून तर पत्ता विचारतोय. नवीन टॅबमध्ये स्वतः टाइप करून आधी साइन इन व्हायचं, मग लिंक उघडायची. खरी असेल तर शक्यतो परत पासवर्ड मागत नाही.

विरारफास्ट
हिस्टरीत बघितलं. आधी खरंच वनड्राइव्हवरची एक फाईल उघडली होती, धूसर पान आणि वर View Document असं बटण. ते दाबल्यावर जे आलं त्याचा पत्ता login-microsoft असा सुरू होतो, मग लांबलचक काहीतरी, शेवटी .top. कुलूप होतं हो पण!

रात्रपाळी
गेलं मग. कुलूप कुणालाही फुकट मिळतं. खरं पान login.microsoftonline.com, त्यानंतर लगेच तिरकी रेघ. आणि पहिली खरी फाईल मुद्दाम ठेवतात, मेलच्या चाळणीला लिंक खरीच दिसते.

बोरिवलीकर
पण ओटीपी आहे ना, पासवर्ड गेला तरी काही होत नाही. बदलून टाका, विषय संपला.

रात्रपाळी
नाही संपत. ते खोटं पान मध्ये दलालासारखं उभं असतं. ताईंनी टाकलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकला गेला, म्हणून तर कोड खरा आला. तो कोडही पुढे सरकवला, आणि "हा माणूस आत आलेला आहे" अशी जी खूण साइट ब्राउजरला देते ती त्यांच्याकडे राहिली. पासवर्ड बदलला तरी ती खूण काही वेळ चालू शकते. त्यामुळे तुमच्या आयटीवाल्याला आत्ता फोन करा, सगळ्या ठिकाणचे सेशन बंद करायला सांगा, मग पासवर्ड. नंतर सिक्युरिटी इन्फोमध्ये आपला नसलेला फोन किंवा ऑथेंटिकेटर जोडलाय का बघा, आणि आउटलूकमध्ये रूल्स बघा.

दादरची_मावशी
माझ्या नातवाच्या शाळेची गूगलची फाईल Request access म्हणते. माझंही गेलं का रे?

कुर्ला_कॅम्प
मावशी, तुमचं वेगळं, शाळेनं परवानगी दिली नाहीये एवढंच. पासवर्ड मागितला का? नाही ना, मग निवांत राहा.

विरारफास्ट, दु. २:१०
सीएंना फोन लागला एकदाचा. म्हणाले मी काही पाठवलंच नाही, सकाळपासून लोकांचे फोन चालूच आहेत. आयटीवाला सुट्टीवर, त्याने घरून सेशन बंद केले. रूल्समध्ये एक सापडला, नाव नुसतं टिंब! सीएंच्या नावाचे मेल वाचलेले दाखवून RSS Feeds फोल्डरमध्ये टाकायचे असा. तिथे सीएंच्या ऑफिसचा ११ चा मेल पडलाय, "लिंक उघडू नका". आत्ता दिसतोय मला.

रात्रपाळी
म्हणजे तुमच्या मेलबॉक्सात येऊन बसला होता. रूल काढायच्या आधी फोटो घ्या. सेंट आणि डिलीटेड दोन्ही बघा, तुमच्या नावाने पुढे कुणाला गेलंय का. पार्टीला बँक खातं बदलल्याचा मेल गेला असेल तर फोन करून थांबवा, पैसे गेलेच तर १९३० ला लगेच.

विरारफास्ट
सेंट रिकामं दिसतंय, डिलीटेडही रिकामं. हे चांगलं की वाईट?

बोरिवलीकर
चांगलं.

रात्रपाळी
डिलीटेड तुम्ही स्वतः रिकामं करता का रोज?

विरारफास्ट
नाही. कधीच नाही. आयटीवाल्याला परत लावते फोन

दादरची_मावशी
परवानगी शाळेत जाऊन मागायची की फोनवरूनच?